खांब क्रमांक, तारीख आणि एक मागणी

भंडाऱ्यात रस्त्यावरचा दिवा बंद पडला आणि त्याबद्दल नगर परिषदेला पत्र द्यायचं ठरलं, तर ते मराठीत लिहिलेलं पुरतं. राज्याची राजभाषा मराठी आहे. २०२२ साली विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी वापरण्याचा कायदाही केला. त्याच्याही वर राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० आहे. आपलं गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून नागरिकाला संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. इंग्रजीत लिहिलं म्हणजे साहेब लवकर ऐकतील, ही समजूत कित्येक घरांत अजून आहे. आवक विभागात बसलेल्या माणसाला मराठी पत्र वाचायला सोपं जातं आणि त्यावर शेरा मराठीतच पडतो, म्हणून मूळ पत्र मराठीतच असावं.

तरीही इंग्रजी प्रतीची गरज पडते, आणि हल्ली ती वाढली आहे. पूर्वी पथदिव्यांचं काम गावातच सुटत असे. नगर परिषदेचा वायरमन शिडी घेऊन यायचा आणि दिवा बदलायचा. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राने पथदिवे एलईडी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर देशभर अनेक नागरी संस्थांनी दिवे बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम करारावर बाहेरच्या कंपन्यांकडे दिलं. अशा करारात कंपनी स्वतः पैसे घालते, दिवे बदलते, ठरलेली वर्षं देखभाल करते आणि विजेच्या बचतीतून पैसे वसूल करते. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्लीत किंवा आणखी कुठे असतं आणि तिथे मराठी वाचणारं कुणी असेलच असं नाही. दुसरी गरज रस्त्यामुळे पडते. भंडारा, लाखनी आणि साकोली या गावांतून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. २०१० मध्ये क्रमांक बदलण्याआधी तोच महामार्ग ६ होता आणि बोलण्यात अजून तोच आकडा येतो. महामार्गाला गावातला रस्ता मिळतो तिथला खांब नगर परिषदेचा की महामार्ग प्राधिकरणाचा, हे बघून कळत नाही. अशा वेळी मराठी पत्र नगर परिषदेला जातं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद दुसऱ्या कार्यालयाला.

पत्राआधी एक काम खांबाखाली उभं राहून करायचं. अंधार पडल्यावर जा आणि आजूबाजूला बघा. एकच दिवा बंद आहे आणि त्याच्या आगेमागेचे चालू आहेत, तर दोष त्या दिव्यात, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा खांबावरच्या जोडणीत आहे. एलईडी दिव्यात बहुधा आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे आतल्या एलईडीला लागणारी वीज नीट करून देणारा लहानसा डबा. दिवा लुकलुकत असेल तर ड्रायव्हर किंवा ढिली जोडणी. रस्त्याची अख्खी रांग बंद आहे पण घरांत लाईट आहे, तर बिघाड पथदिव्यांच्या वेगळ्या तारेत किंवा तिच्या नियंत्रण पेटीत, टायमरमध्ये शोधावा लागतो. घरांसकट सगळं अंधारात असेल तर प्रश्न महावितरणचा आहे आणि नगर परिषदेला लिहून उपयोग नाही. कित्येक गावांत खांब महावितरणचा आणि त्यावरचा दिवा नगर परिषदेचा अशी वाटणी असते. म्हणून हे निरीक्षण एका वाक्यात पत्रात आलं, तर पत्र चुकीच्या टेबलावर जात नाही.

तार लोंबत असेल, पेटीचं झाकण उघडं असेल किंवा पावसात खांबाला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर लिहीत बसू नका. लोकांना दूर ठेवा, महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर लगेच फोन करा आणि नगर परिषदेलाही कळवा. पत्र त्यानंतर.

आता पत्राकडे. समजा, दिवा खांब तलाव परिसरातल्या एका गल्लीत आहे. पुढचे सगळे तपशील नमुन्यादाखल आहेत. गल्लीतली मंडळी जमतात आणि बहुतेक वेळा असा मसुदा तयार होतो :

«महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास सविनय विनंती की, आमच्या भागातील लाईट बऱ्याच दिवसांपासून बंद आहे. तसेच नालीवरचे झाकणही तुटलेले आहे. वारंवार सांगूनही लक्ष दिले जात नाही. त्यामुळे नागरिकांना फार त्रास होत आहे. तरी योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.»

मराठी कानाला यात काही खटकत नाही. शेकडो अर्ज याच चालीवर लिहिले जातात. पण हाच मजकूर इंग्रजीत न्यायला बसा, म्हणजे प्रत्येक वाक्य अडतं. «आमच्या भागातील» म्हणजे कुठला भाग? «लाईट» एक की चार? मराठीत हा शब्द एकासाठीही चालतो आणि सगळ्यांसाठीही, पण इंग्रजीत एकवचन की अनेकवचन ते ठरवल्याशिवाय क्रियापदही ठरत नाही. «बऱ्याच दिवसांपासून» म्हणजे कधीपासून? «वारंवार सांगूनही» यात कुणी, कुणाला, केव्हा सांगितलं? «लक्ष दिले जात नाही» म्हणजे नेमकं कोण देत नाही? आणि «कार्यवाही करावी» हे कुणी करायचं?

या शेवटच्या प्रश्नातच सगळं येतं. मराठीतलं «करावी», «व्हावी», «मिळावी» हे रूप कर्त्याचं नाव न घेता विनंती पुरी करतं. त्यात नम्रता आहे आणि अर्जाला ती शोभतेही. औपचारिक इंग्रजीत मात्र कर्ता द्यावा लागतो : काउन्सिलने दुरुस्त करावं, की कंपनीने? अनुवादक ते स्वतःच्या मनाने भरतो आणि दोन पत्रांत दोन वेगळ्या मागण्या होऊन बसतात. म्हणून अनुवाद अडला की इंग्रजी शब्द शोधत बसण्यापेक्षा मराठी मसुद्याकडे परत जावं. तिथे जे राहून गेलंय ते भरावं आणि मग पुन्हा इंग्रजीकडे यावं. अनुभवी अनुवादक हेच करतात.

या मसुद्यातली सर्वांत महागात पडणारी ओळ नालीची आहे. कार्यालयात पत्र आलं की त्यावर आवक क्रमांक आणि तारीख पडते, ते मुख्याधिकाऱ्यांसमोर जातं आणि त्यांच्याकडून एका विभागाला मार्क होतं. दिव्याचं काम विद्युत विभागाचं, नालीच्या झाकणाचं बांधकाम किंवा आरोग्य विभागाचं. एका कागदावर दोन तक्रारी असल्या की तो कागद दोन टेबलांच्या मध्ये फिरत राहतो, आणि एक काम झालं तरी तक्रार निकाली निघाल्याचा शेरा पडू शकतो. झाकणासाठी वेगळं पत्र द्या, त्याच दिवशी दिलं तरी चालेल.

दुसरी ओळ «लक्ष दिले जात नाही». तिचा सरळ अनुवाद केला तर इंग्रजीत «नेग्लिजन्स» येतो, आणि त्या शब्दाला कायद्यात वजन आहे. हलगर्जीचा आरोप सिद्ध करायचा नसेल तर तो शब्द कागदावर आणू नये. «नो अ‍ॅक्शन हॅज बीन टेकन» हेही घाईचं विधान आहे. आत काय हालचाल झाली ते आपल्याला ठाऊक नसतं. कदाचित सुटा भाग मागवलेला असेल. आपल्याला खात्रीने सांगता येतं ते एवढंच की दिवा अजून लागलेला नाही. तेवढंच लिहावं. उलट उत्तर द्यायला त्यात जागा उरत नाही.

दुरुस्त केलेला मसुदा असा होतो :

«प्रति,
मुख्याधिकारी,
नगर परिषद, भंडारा.

दिनांक : २४ जून २०२५

विषय : खांब तलाव परिसर, खांब क्रमांक के-१७ वरील बंद पथदिवा दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

खांब तलाव चौकातून निघणाऱ्या गल्लीत, चौकाकडून येताना डाव्या बाजूचा तिसरा खांब (क्रमांक के-१७) शाळेच्या फाटकासमोर आहे. त्यावरील पथदिवा १२ जून २०२५ च्या संध्याकाळपासून लागलेला नाही. त्याच खांबाच्या आधीचा व नंतरचा दिवा चालू आहे. १६ जून रोजी मी विद्युत विभागात तोंडी तक्रार केली होती. या जागी रस्त्याला वळण असून समोरून येणारे वाहन अंधारात दिसत नाही.

महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ नुसार सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे नगर परिषदेचे कर्तव्य आहे. नगर परिषदेने हा दिवा दुरुस्त करावा किंवा बदलावा आणि काम कोणत्या तारखेपर्यंत होईल ते मला लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,»

खांबावर क्रमांक रंगवलेला नसेल किंवा पुसला गेला असेल तर न हलणाऱ्या खुणेवरून मोजावं : चौक, शाळा, मंदिर, रोहित्र. पानठेला उद्या हलू शकतो. «उजव्या हाताला» लिहायचं तर कुठून येताना ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर वायरमन उलट्या बाजूचा खांब तपासून परत जाईल. कायद्याचं कलम एकदाच आलं आहे आणि मागणीच्या लगेच आधी आलं आहे. पत्राची सुरुवात कलमाने केली की वाचणाऱ्याला दिव्याआधी भांडण दिसतं.

अशा पत्राचा इंग्रजी अनुवाद जवळजवळ आपोआप होतो. तरी काही जागा सांभाळाव्या लागतात. पहिली पदनामांची. मुख्याधिकारी म्हणजे «चीफ ऑफिसर». त्याचं «चीफ एक्झिक्युटिव्ह ऑफिसर» केलं की पत्र जिल्हा परिषदेकडे जाऊ शकतं, कारण मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद तिथलं आहे. नगर परिषद म्हणजे «म्युनिसिपल काउन्सिल». «कॉर्पोरेशन» म्हणजे महानगरपालिका, ती नागपुरात आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथे काउन्सिल आहे, तर मोहाडी, लाखनी, लाखांदूर इथे नगर पंचायत, जिचं इंग्रजीतही «नगर पंचायत»च राहतं. नगराध्यक्षांना प्रत द्यायची तर ते «प्रेसिडेंट», «मेयर» नव्हेत.

गावांची आणि चौकांची नावं अनुवादित करू नयेत. खांब तलाव हा «पिलर लेक» होत नाही. इंग्रजी नकाशात किंवा फलकावर जसं लिहिलेलं असतं तसंच नाव घ्यावं. स्पेलिंगही उच्चारावरून बनवू नये. पवनी सरकारी कागदावर पी-ए-यू-एन-आय असं लिहिलं जातं आणि वैनगंगेची सुरुवात डब्ल्यूने होते. «नाली» हा आपल्याकडचा रोजचा शब्द. दुसऱ्या पत्रात त्याचा «ड्रेन» करावा. शब्दकोशातून «कॅनॉल» उचलला तर वाचणारा पाटबंधारे खात्याकडे बोट दाखवेल.

काळाचं वाक्य बहुतेकांचं चुकतं. «१२ जूनपासून बंद आहे» यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून हात आपोआप «इज नॉट वर्किंग सिन्स» लिहून जातो. बरोबर रूप «हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स ट्वेल्थ जून». आणि दिवस मोजायचे असतील तर «सिन्स ट्वेल्व्ह डेज» नव्हे, «फॉर ट्वेल्व्ह डेज». तारीख देणं केव्हाही चांगलं, कारण पत्र आठवड्याने वाचलं गेलं तर दिवसांचा आकडा खोटा ठरतो. तारखेत महिन्याचं नाव अक्षरात लिहावं. ५/६ असं लिहिलं तर ५ जून की ६ मे, असा प्रश्न उभा राहतो. «बंद»साठी «क्लोज्ड» किंवा «ऑफ» वापरू नये. «ऑफ» म्हटलं की कुणीतरी बटण बंद केलं असा अर्थ निघतो. «नॉट वर्किंग» पुरे.

उरतो आदर. इंग्रजांच्या काळातल्या कचेरीची इंग्रजी म्हणजे «आय हॅव द ऑनर टु स्टेट»ने सुरू होणारी आणि «युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट»वर संपणारी. ती अजून काही टाइपिंगच्या दुकानांत जिवंत आहे. ती सोडून द्यावी. नागरिक इथे कुणाचा सेवक म्हणून लिहीत नाही. «माननीय», «साहेब», «सविनय», «नम्र» ही मराठीतली सौजन्याची रीत आहे. इंग्रजीत तिची जागा एक «सर» किंवा «मॅडम» आणि एक «रिक्वेस्ट» पूर्ण भरतात. «हम्बल»ची गरज नाही. «काइंडली डू द नीडफुल» हे तर «योग्य ती कार्यवाही»चंच भावंड आहे. काय करायचं ते त्यात सांगितलेलं नसतं, म्हणून कोणतीही हालचाल करून फाईल बंद करता येते. शेवटी «युअर्स फेथफुली», कारण सुरुवात नाव न घेता केली आहे. नाव घेऊन सुरू केलेल्या पत्रालाच «सिन्सिअरली» लागतं.

मुख्य भागाचा अनुवाद वाचून दाखवला तर असा ऐकू येईल :

«द स्ट्रीटलाइट ऑन पोल नंबर के-सेव्हन्टीन हॅज नॉट बीन वर्किंग सिन्स द इव्हनिंग ऑफ ट्वेल्थ जून ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह. द पोल इज द थर्ड ऑन द लेफ्ट अ‍ॅज वन एन्टर्स द लेन फ्रॉम खांब तलाव चौक, अपोझिट द स्कूल गेट. द लाइट्स बिफोर अँड आफ्टर इट आर वर्किंग. आय रिपोर्टेड धिस ओरली टु द इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट ऑन सिक्स्टीन्थ जून. द रोड बेंड्स अ‍ॅट धिस पॉइंट, अँड अ‍ॅन अप्रोचिंग व्हेइकल कॅनॉट बी सीन इन द डार्क.»

मराठीतला क्रम इथे बदलला आहे. मराठीत आपण आधी जागा सांगतो आणि शेवटी बिघाड, कारण क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी पत्रात पहिल्याच वाक्यात बिघाड आला पाहिजे, जागेचं वर्णन दुसऱ्या वाक्यात. हा बदल अनुवादकाने करावा. मात्र मजकुरात काही वाढवू नये. मूळ पत्रात नसलेला अपघात इंग्रजीत दिसता कामा नये. कलमाचं वाक्य आणि मागणी जशीच्या तशी येते. मागणीत कर्ता आता उघड आहे : «आय रिक्वेस्ट द काउन्सिल टु रिपेअर ऑर रिप्लेस द लाइट अँड टु इन्फॉर्म मी इन रायटिंग ऑफ द डेट बाय विच द वर्क विल बी डन.»

इंग्रजी कागदाच्या माथ्यावर हा मूळ मराठी पत्राचा अनुवाद आहे अशी एक ओळ घालावी. तारीख मूळ पत्राचीच ठेवावी आणि मूळ पत्राची प्रत जोडावी. दोन्हींत फरक निघाला तर मूळ मराठी ग्राह्य, हेही त्या ओळीतच सांगता येतं. कंपनीला किंवा महामार्ग कार्यालयाला पाठवताना वर वेगळं दोन ओळींचं पत्र लावावं : खांब कुणाचा ते निश्चित नाही, म्हणून मूळ पत्र नगर परिषदेला दिलं आहे आणि त्याचा अनुवाद आपल्याकडे पाठवत आहे. अनुवादातला पत्ता बदलून तो थेट दुसऱ्या कार्यालयाच्या नावाने करू नये. तसं केलं तर तो अनुवाद राहत नाही, आणि कलम ४९ तर महामार्ग प्राधिकरणाला लागूच होत नाही.

मराठी पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. तो क्रमांक इंग्रजी प्रतीच्या «रेफरन्स»च्या ओळीत टाकावा. दोन कार्यालयं एकाच तक्रारीबद्दल बोलत आहेत हे त्या क्रमांकावरूनच कळतं. म्हणून मराठी पत्र आधी द्यावं, इंग्रजी प्रत मागाहून पाठवावी.

उत्तर आलं नाही तर दुसऱ्या पत्रात तक्रार पुन्हा मांडत बसू नये. «संदर्भ : माझे दि. २४ जून २०२५ चे पत्र, आवक क्रमांक अमुक» एवढं लिहून दिवा आजही बंद आहे हे एका वाक्यात सांगावं. त्यानंतर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा मार्ग आहे. तो अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत, आणि उत्तराला साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. त्यात दिवा का दुरुस्त केला नाही असं विचारू नये, कारण कायदा नोंदींची माहिती देतो, कारणांचा खुलासा करायला लावत नाही. विचारायचं ते असं : आवक क्रमांक अमुक हे पत्र कोणत्या तारखेला कोणत्या विभागाकडे गेलं, त्यावर काय शेरे लिहिले गेले त्यांच्या प्रती, आणि पथदिव्यांच्या देखभालीचा करार असल्यास दुरुस्तीच्या मुदतीचं त्यातलं पान. करारात किती तासांत दिवा लावायचा हे लिहिलेलं असतं. तो आकडा हाती आला की पुढच्या पत्रात कलमापेक्षा तोच आकडा लिहावा, आणि इंग्रजी प्रतीत तर तो पहिल्याच वाक्यात.